बढती थांबली, म्हणून मी रोस्टर वाचायला शिकलो

आपल्या चळवळीत सरकारी नोकरी लागलेल्या माणसावर दोनच प्रकारे बोललं जातं. नोकरी लागली की सत्कार, आणि नंतर आयुष्यभर टोमणे. 18 मार्च 1956 च्या आग्र्याच्या भाषणाचा दाखला तर आम्हा कर्मचाऱ्यांच्या तोंडावर इतक्या वेळा फेकला जातो की, तो देणाऱ्यांपैकी किती जणांनी ते भाषण पूर्ण वाचलं आहे, असं विचारावंसं वाटतं. पण नोकरीच्या मधल्या वर्षांत, म्हणजे चाळिशी ओलांडल्यावर, त्या माणसाचं टेबलावर नेमकं काय होतं यावर कुणी बोलत नाही. ही वर्षं नोकरीतली सगळ्यात लांब असतात. बढती येत नाही, नवीन काही शिकायला मिळत नाही, आणि निवृत्तीला अजून पंधरा-सतरा वर्षं बाकी असतात.

मी 2001 साली बीड जिल्ह्यातल्या एका कचेरीत कनिष्ठ सहायक म्हणून लागलो. वडील ऊसतोडीला जायचे. घरात पगारी नोकरी करणारा मी पहिला. 2011 साली अनुसूचित जातीच्या बिंदूवर वरिष्ठ सहायक झालो. पुढची पायरी 2017-18 च्या सुमारास येणार, असा हिशेब सगळ्याच सहकाऱ्यांनी मांडून ठेवला होता. तो हिशेब कुठे फिसकटला हे बहुतेकांना ठाऊक आहे, पण नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो.

महाराष्ट्राचा आरक्षण कायदा 2001 चा, अमलात आला 29 जानेवारी 2004 ला. त्याच्या आधारे 25 मे 2004 चा शासन निर्णय निघाला आणि पदोन्नतीत अनुसूचित जाती 13 टक्के, अनुसूचित जमाती 7 टक्के, बाकी विमुक्त-भटके आणि विशेष मागास प्रवर्ग, असे एकूण 33 टक्के ठरले. 4 ऑगस्ट 2017 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो शासन निर्णय रद्द ठरवला. नागराज खटल्यात 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितल्याप्रमाणे, प्रतिनिधित्व अपुरं असल्याची मोजता येणारी माहिती सरकारने गोळा केलेली नव्हती. शिवाय घटनेचं कलम 16(4अ) अनुसूचित जाती-जमातींपुरतंच आहे, त्यात विमुक्त-भटके येत नाहीत, हाही मुद्दा होता. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि इकडे पत्रं आणि शासन निर्णय एकामागून एक निघत राहिले. शेवटी 7 मे 2021 चा शासन निर्णय आला की, पदोन्नतीच्या कोट्यातली सगळी रिक्त पदं 25 मे 2004 रोजीच्या सेवाज्येष्ठतेनुसार भरायची, तीही न्यायालयाच्या अंतिम निर्णयाच्या अधीन राहून.

या एका ओळीचा माझ्यासारख्याच्या बाबतीत अर्थ असा, की 2011 साली बिंदूवर बढती मिळून जी ज्येष्ठता आली ती पुढच्या बढतीच्या मोजणीत बाजूला पडली आणि मी 2004 च्या यादीतल्या माझ्या मूळ जागी जाऊन बसलो. त्या यादीत माझ्या वरच्या माणसांची रांग मोठी होती. 2017 नंतर माझ्या नावापुढे काहीही झालेलं नाही.

आता कुणी म्हणेल, पैसे तर मिळाले ना. मिळाले. सातव्या वेतन आयोगानंतर 2 मार्च 2019 च्या शासन निर्णयाने 10, 20 आणि 30 वर्षांच्या सेवेनंतर आश्वासित प्रगतीचे तीन लाभ आले. दहाव्या वर्षाची बढती हा पहिला लाभ धरला गेला आणि 2021 साली वीस वर्षं पूर्ण झाल्यावर दुसरा लाभ मिळाला. पण हा लाभ काय आहे ते नीट समजून घ्या. वेतनस्तर वरच्या पदाचा, पण पद तेच, खुर्ची तीच, सही करण्याचा अधिकार तोच, ज्येष्ठता यादीत जागाही तीच. आणि ज्याने पूर्वी खरी पदोन्नती नाकारली आहे त्याला हाही लाभ मिळत नाही, त्यामुळे गावाजवळ राहावं म्हणून बढती सोडणाऱ्यांनी दहादा विचार करावा. लाभाची मंजुरी हातात पडली त्या दिवशी आमच्या शाखेतले एक ज्येष्ठ मला म्हणाले, "आता कशाला डोकं खपवता? वीस वर्षांचा लाभ मिळाला, तिसावाही मिळेल. नस्त्या चढवा, उतरवा, घरी जा."

ते काही वाईट हेतूने बोलले नव्हते. त्यांनी स्वतः तसंच केलं होतं. आणि खरं पाहिलं तर माझंही तसंच चाललं होतं. आवक बारनिशी, टिप्पणी, स्मरणपत्र एक, स्मरणपत्र दोन. मागच्या वर्षीची टिप्पणी काढायची, तारीख बदलायची, पुढे पाठवायची. अशा कामात माणूस दहा वर्षं काढतो आणि दहा वर्षांचा अनुभव झाला असं सांगतो. तो अनुभव एकाच वर्षाचा असतो, दहादा काढलेला.

बढती आपल्या हातात नव्हती. ती न्यायालयात होती, मंत्रालयात होती. माझ्या हातात माझं टेबल होतं, आणि त्या टेबलावर बसून जे काम कुणालाच नको होतं ते मी मागून घेतलं. ते काम म्हणजे बिंदुनामावली, ज्याला आपण सगळे रोस्टर म्हणतो.

ते कुणालाच का नको होतं, तर त्यात काही मिळत नाही आणि चुकलं तर मान अडकते. कुठलीही सरळसेवा भरती किंवा पदोन्नती करायची तर त्या संवर्गाची बिंदुनामावली आधी विभागीय आयुक्त कार्यालयातल्या मागासवर्ग कक्षाकडून तपासून प्रमाणित करून घ्यावी लागते. आमच्या जिल्ह्याला त्यासाठी छत्रपती संभाजीनगर गाठावं लागतं. सव्वाशे-दीडशे किलोमीटर, पहाटेची एसटी, रजिस्टर मांडीवर. तिथे सहायक आयुक्त कागद मागतात, कागद नसतो, परत या. त्यामुळे वर्षानुवर्षं रजिस्टर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर ढकललं जातं, आणि ज्याच्याकडे असतं तो मागचंच पान नकलून काढतो. 2021 साली आमच्याकडे एका भरतीची जाहिरात केवळ रोस्टर प्रमाणित नाही म्हणून अडली होती. साहेब वैतागले होते. मी अर्ध्या पानाची टिप्पणी ठेवली की, हे काम माझ्याकडे लेखी आदेशाने द्यावं, सोबत जुने निवड प्रस्ताव बघायची परवानगी असावी. साहेबांनी त्याच दिवशी सही केली. त्यांना माझ्या भवितव्याशी देणंघेणं नव्हतं, त्यांची जाहिरात अडली होती. आपली भूमिका बदलायची तर कार्यालयाचं गाडं कुठे रुतलंय ते आधी बघावं लागतं. आपल्याला काय आवडतं याला तिथे कुणी विचारत नाही.

लेखी आदेशाचा आग्रह मी मुद्दाम धरला. कामकाज वाटपाच्या आदेशात नाव आलं तरच ते काम गोपनीय अहवालाच्या स्वयंमूल्यनिर्धारणात लिहिता येतं. तोंडी केलेलं काम दुसऱ्याच्या नावावर जमा होतं, हे आपल्या लोकांनी इतक्या वेळा भोगलं आहे की वेगळं सांगायला नको.

आता रोस्टर म्हणजे काय ते सांगतो, कारण आपले तरुण त्या शब्दावरून भांडतात पण रजिस्टर त्यांनी पाहिलेलं नसतं. एका संवर्गातल्या पदांना क्रमाने बिंदू दिलेले असतात आणि प्रत्येक बिंदू कुठल्या प्रवर्गाचा हे शासनाने ठरवून दिलेलं असतं. रजिस्टरमध्ये बिंदूपुढे कर्मचाऱ्याचं नाव, त्याचा प्रवर्ग, जात प्रमाणपत्राचा आणि वैधता प्रमाणपत्राचा क्रमांक, नियुक्तीची तारीख, जन्मतारीख, निवृत्तीची तारीख आणि शेरा. शेवटी एक गोषवारा असतो : प्रवर्गनिहाय मंजूर किती, भरलेली किती, अनुशेष किती, अतिरिक्त किती. साहेब लोक हा गोषवाराच बघतात. जाहिरातीत जागा त्यावरूनच पडतात.

या सगळ्याच्या मुळाशी सर्वोच्च न्यायालयाचा 10 फेब्रुवारी 1995 चा सभरवाल खटल्याचा निकाल आहे. त्यातल्या दोन गोष्टी डोक्यात ठेवल्या की निम्मं रोस्टर कळतं. पहिली, बिंदू हा पदाचा असतो, त्या वर्षी रिकाम्या झालेल्या जागेचा नसतो. सगळे बिंदू एकदा भरले की पुढे ज्या प्रवर्गाचा माणूस निवृत्त होईल त्याच प्रवर्गाचा माणूस त्या जागी येतो. दुसरी, आपल्या समाजाचा जो उमेदवार कुठलीही सवलत न घेता गुणवत्तेवर खुल्या जागेत निवडला गेला, तो खुल्या बिंदूवर मोजायचा. त्याला आरक्षित बिंदूवर धरता येत नाही.

ही दुसरी गोष्ट कागदावर सगळ्यांना मान्य असते. रजिस्टर लिहिताना मात्र लिहिणारा कर्मचाऱ्याची जात बघतो आणि त्या जातीच्या बिंदूवर नाव टाकून मोकळा होतो. यात दर वेळी कपट असतंच असं मी म्हणणार नाही. सवय असते, आळस असतो, जुनी निवड यादी शोधायला कोण जाणार ही वृत्ती असते. परिणाम मात्र कपट केल्यासारखाच होतो.

एक उदाहरण सविस्तर मांडतो. आकडे सोपे करून घेतले आहेत, कुठल्या एका कार्यालयाचे नाहीत, पण प्रत्येक चूक मी डोळ्यांनी पाहिलेली आहे. सरळसेवेचा 100 पदांचा एक संवर्ग घ्या. आर्थिक दुर्बल घटक आणि एसईबीसी आल्यावर खुल्याचे बिंदू आणखी कमी झाले आहेत, पण समजायला सोपं म्हणून जुनी 52 टक्क्यांची मांडणी धरू. अनुसूचित जातीचे 13, इतर सगळ्या मागास प्रवर्गांचे मिळून 39 आणि खुले 48.

रजिस्टरचा गोषवारा सांगतो की अनुसूचित जातीचे 13 पैकी 13 भरलेले, अनुशेष निरंक. इतर मागास प्रवर्गांचे 39 पैकी 35. खुल्याचे 48 पैकी 46. म्हणजे 94 माणसं, 6 जागा रिकाम्या. त्यातल्या 4 इतर मागास प्रवर्गांना आणि 2 खुल्याला. अनुसूचित जातीला शून्य. जाहिरात निघते, आपली पोरं अभ्यासिकेत ती मोबाइलवर बघतात, शून्य बघून शिव्या देतात आणि पुढच्या जाहिरातीची वाट बघतात.

आता तपासणी. पहिलं काम, रजिस्टरमधली नावं चालू महिन्याच्या वेतन देयकाशी ताडून बघायची. 94 नावांचं देयक 93 निघालं. एक गृहस्थ निवृत्त होऊन दीड वर्ष झालं होतं, त्यांना दर महिन्याला निवृत्तिवेतन मिळत होतं, पण रजिस्टरमध्ये ते अनुसूचित जातीच्या बिंदूवर अजून कामावर होते. त्यांची ओळ कमी केली. 13 चे 12 राहिले.

दुसरं काम, आंतरजिल्हा बदलीने आलेले. या लोकांना त्यांच्या जातीच्या बिंदूवर टाकण्याची सर्रास पद्धत आहे. बघायचं असतं ते मूळ नियुक्ती कुठल्या प्रवर्गातून झाली ते. त्यासाठी आधीच्या जिल्ह्याचा मूळ नियुक्ती आदेश आणि सेवापुस्तकाचं पहिलं पान लागतं. एक जण जातीने आपला, पण तिकडच्या आदेशात प्रवर्ग स्पष्टपणे खुला. तो खुल्या बिंदूवर गेला. आता 11.

तिसरं काम सगळ्यात वेळखाऊ, आणि खरी गोम तिथेच आहे. उरलेल्या प्रत्येकाच्या भरतीची निवड यादी काढायची. त्या यादीत खुल्या प्रवर्गातून निवडलेल्या शेवटच्या उमेदवाराचे गुण बघायचे. आपल्या माणसाचे गुण त्याच्याइतके किंवा जास्त आहेत का आणि त्याने वयाची अथवा अन्य सवलत घेतली होती का, हे अर्जावरून बघायचं. तिघे असे निघाले की ते गुणवत्तेने खुल्यात निवडले गेले होते, यादीतही तसंच होतं, फक्त रजिस्टरमध्ये त्यांना आरक्षित बिंदूवर बसवलं होतं. तिघे खुल्यात गेले. उरले 8.

म्हणजे 13 पैकी 8 भरलेले, अनुशेष 5. ज्या गोषवाऱ्यात निरंक लिहिलं होतं तिथे पाच पदं निघाली.

पण इथेच थांबलात तर फसाल. बऱ्याच कार्यकर्त्यांची निवेदनं याच ठिकाणी कापली जातात. चार माणसं खुल्या बिंदूंकडे गेल्यावर खुल्याचे 46 चे 50 झाले, आणि खुल्याचे बिंदू आहेत 48. म्हणजे खुल्यात 2 अतिरिक्त. एकूण माणसं 93, रिकाम्या जागा 7. मागणी मात्र 9 पदांची, आपली 5 आणि इतर मागास प्रवर्गांची 4. सात जागांत नऊ माणसं बसत नाहीत. त्या दोन अतिरिक्त जागा खुल्यातले पुढचे दोघे निवृत्त होतील तेव्हाच मोकळ्या होतात. म्हणून निवेदनात "सर्व अनुशेष तात्काळ भरा" असं लिहिलं की कार्यालय शांतपणे उत्तर देतं, पदं उपलब्ध नाहीत. त्याऐवजी लिहावं की सातही जागा मागास प्रवर्गांच्या आहेत, खुल्यासाठी या वेळी एकही जागा पडत नाही, आणि खुल्यात अतिरिक्त ठरलेल्या दोन जागा निवृत्तीने रिकाम्या झाल्या की त्या कुठल्या बिंदूंकडे जातील ते आत्ताच नोंदवून ठेवा. सातच्या सात जागा मागासवर्गीयांना दिल्या तर 50 टक्क्यांची मर्यादा मोडते असा आक्षेप हमखास येतो. त्याला उत्तर 2000 सालच्या 81 व्या घटनादुरुस्तीत आहे. कलम 16(4ब) प्रमाणे आधीच्या वर्षांच्या न भरलेल्या आरक्षित जागा त्या वर्षाच्या 50 टक्क्यांत मोजत नाहीत.

हे सगळं मला कुणी प्रशिक्षणात शिकवलं नाही. gr.maharashtra.gov.in वर सामान्य प्रशासन विभागाचे शासन निर्णय आहेत, 29 मार्च 1997 चा 100 बिंदूंचा निर्णय आणि त्यानंतर झालेले बदल. रोज जेवणाच्या सुटीत एक निर्णय वाचायचा आणि आपल्याच रजिस्टरच्या एका पानाला लावून बघायचा, असं मी सात-आठ महिने केलं. नुसते निर्णय वाचून काही डोक्यात राहत नाही, हेही सांगतो. संभाजीनगरला पहिल्या फेरीत अकरा त्रुटी लागल्या. दुसऱ्या फेरीत तीन. ज्या कर्मचाऱ्याच्या वैधता प्रमाणपत्राचा रकाना कोरा होता त्यावर सर्वाधिक वेळ गेला. आपल्या मराठवाड्यात निजामाच्या काळातले महसुली कागद उर्दूत, काही मोडीत, आणि अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्याचा आजोबा शाळेतच गेला नाही त्याच्याकडे प्रवेश-निर्गम उतारा कुठून येणार? पण हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

कुठलं रजिस्टर संशयास्पद आहे हे आता मला पाच मिनिटांत कळतं. पंधरा वर्षांच्या नोंदी एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात असतील तर ते कधीतरी एका बैठकीत उतरवलेलं आहे. शेऱ्याचा रकाना पूर्ण कोरा असेल तर निवड यादी कुणी उघडलेली नाही. खुल्या बिंदूंवर एकही मागासवर्गीय नाव नसेल, तर इतक्या वर्षांत आपलं एकही पोरगं गुणवत्तेत आलं नाही असं ते रजिस्टर म्हणतंय, आणि त्यावर विश्वास ठेवू नका.

टेबल तेच राहिलं, पण माझं काम बदललं. आधी शाखेत मला कुणी काही विचारत नसे. आता इतर तालुक्यांतले सहायक फोन करून विचारतात, साहेब जाहिरातीआधी नस्ती माझ्याकडे पाठवतात. माझ्यानंतर लागलेला आणि आज माझा वरिष्ठ असलेला एक तरुण अधिकारी सभेत मला बोलावून शेजारी बसवतो. यात कडवटपणा नाही असं म्हणणार नाही. त्याच्या खुर्चीचा पगार जवळपास मलाही मिळतो, पण सही त्याची होते. नवं काम शिकल्याने बढतीची भरपाई होते असं कुणी सांगत असेल तर तो खोटं बोलतो. बढतीचा हक्क न्यायालयात आणि रस्त्यावर लढायचा आहे, तो लढा कर्मचारी संघटनांनी सोडू नये. फक्त निकाल लागेपर्यंत मेंदू गहाण पडू नये, एवढ्यापुरतं मी बोलतोय.

संघटनांशी माझं एक भांडण आहे. समाज कर्मचाऱ्याकडे पैसा मागतो. जयंतीची वर्गणी, विहाराचा स्लॅब, मोर्च्याच्या गाड्या. द्यावीच. पण वीस वर्षं आस्थापना शाखेत बसलेल्या माणसाला रविवारी विहारात फळ्यासमोर उभं करून सेवाज्येष्ठता यादीवर हरकत कशी घ्यायची ते सांगा, असं कुणी म्हणत नाही. बाबासाहेब 1942 ते 1946 व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्या काळात, 1943 साली, केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींना 8.33 टक्के जागा मिळाल्या आणि 1946 साली त्या 12.5 टक्के झाल्या. सभेतल्या टाळ्यांनी तो आकडा आला नाही. तो सरकारी टिप्पण्यांतून, हिशेब मांडून आला. आणि आज तो आकडा टिकतो की गळतो हे एखाद्या तालुक्याच्या कचेरीतल्या रजिस्टरच्या शेऱ्यावर ठरतं.

आम्ही महिन्यातून एका रविवारी बसतो. स्पर्धा परीक्षेची पोरं असतात, दोन-तीन शिक्षक, एक ग्रामसेविका. मी कार्यालयातला एकही कागद तिथे नेत नाही, ही लक्ष्मणरेषा आहे. वर्तणूक नियम आपल्याला बांधून ठेवतात आणि नस्ती बाहेर दाखवली तर नोकरी जाईल, तीही रास्तपणे. तिथे फक्त शासन निर्णय असतात आणि माझ्या बनावट 100 पदांचं रजिस्टर, ज्यात मी मुद्दाम पाच चुका पेरलेल्या असतात. खरी रजिस्टरं त्यांनी माहिती अधिकारात मागवायची. अर्ज 10 रुपयांचा, एका विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत, मागणी एका ओळीची : अमुक संवर्गाची, मागासवर्ग कक्षाने शेवटची प्रमाणित केलेली बिंदुनामावली गोषवाऱ्यासह. लोकांची खासगी माहिती म्हणून नकार येऊ नये यासाठी जन्मतारीख आणि पत्ते झाकून द्या, असं आपणच लिहायचं. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. सोबत त्या संवर्गाच्या मागच्या भरतीची निवड यादी वेगळ्या अर्जाने मागवायची, कारण तिच्याशिवाय नुसतं रजिस्टर मुकं असतं.

केज तालुक्यातल्या एका मुलीने तीन महिन्यांपूर्वी असे दोन अर्ज टाकले. तिची आई दरवर्षी दसऱ्यानंतर ऊसतोडीला कर्नाटकात जाते, घर हीच सांभाळते. उत्तर आलं, 46 पानं, 2 रुपये दराने 92 रुपये भरून तिने ती घेतली. मागच्या रविवारी ती पानं सतरंजीवर पसरून आम्ही बसलो. तिला दोन नावं सापडली होती, मला तिसरं दिसत होतं, पण मी काही बोललो नाही. तासाभराने तिने आंतरजिल्हा बदलीच्या शेऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "सर, याचा मूळ आदेश मागवावा लागेल ना?" तो अर्ज आता तयार आहे. सोमवारी पोस्टात पडेल.